समासातले ‘होते’

निबंध तपासायला घेतला की मी पहिल्यांदा तो वाचत नाही. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द शोधते आणि तो समासात, त्या ओळीच्या शेजारी, पेन्सिलीने लिहून काढते. पानाच्या डाव्या बाजूला वरून खाली एक उभी रांग तयार होते. होते, होते, आहे, होते, झाले होते, होते. ही रांग पाहिली की निबंधात काय बिघडलं आहे याचा अंदाज निबंध वाचण्याआधीच येतो.

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे वाक्य कसं चाललं आहे हे कानाला त्याच्या शेवटावर कळतं. एका परिच्छेदातली आठ वाक्यं ‘होते’वर थांबली, तर ऐकणाऱ्याला आठ वेळा एकाच उंबऱ्याला ठेच लागते. आणि माझा अनुभव असा की पाल्हाळ आणि एकसुरीपणा हे दोन वेगळे दोष म्हणून तपासायची गरज क्वचितच पडते. ज्या वाक्यात खरं क्रियापद हरवलेलं असतं, तेच वाक्य लांबतं आणि तेच ‘होते’ची काठी टेकून उभं राहतं. हरवलेलं क्रियापद शोधून दिलं की बऱ्याचदा दोन्ही दुखणी एकदम बरी होतात.

मी आधी धुळ्याच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, नंतर जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात. अकरावीच्या वर्गात रावेर तालुक्यातली एक मुलगी होती. घरची केळीची बाग. ‘निसर्गाचा कोप’ असा विषय मी दिला होता आणि तिने मे महिन्यातल्या वादळाबद्दल लिहिलं होतं. तापीकाठच्या त्या पट्ट्यात उन्हाळ्याच्या अखेरीला वाऱ्याने बागा आडव्या होणं नवीन नाही. केळीचं खोड म्हणजे एकमेकांवर गुंडाळलेली पानांची आवरणं, त्यात लाकूड नसतं. वर भरलेला घड लटकत असला की जोराच्या वाऱ्याला ते तग धरत नाही. हे सगळं त्या मुलीने जवळून पाहिलेलं. तिचा पहिला परिच्छेद मात्र असा होता:

“आजच्या या आधुनिक विज्ञानयुगात माणसाने कितीही प्रगती केली असली तरी निसर्गापुढे तो हतबल आहे असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या गावामध्ये खूप मोठे व भयंकर असे वादळ आले होते. त्या वादळामुळे आमच्या केळीच्या बागेचे अतोनात व प्रचंड असे नुकसान झाले होते. वादळ येण्याच्या आधी संपूर्ण आकाशामध्ये काळे काळे ढग जमा झालेले होते. माझे वडील त्या वेळी केळीच्या बागेमध्ये पाणी देण्यासाठी गेलेले होते. आम्ही सर्वजण घरामध्ये बसून त्यांच्या येण्याची वाट पाहण्याचे काम करत होतो. वादळ थांबल्यानंतर आम्ही बागेमध्ये जाऊन पाहिले असता सर्व झाडे ही जमिनीवर आडवी पडलेली होती. माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर दुःख व वेदनेचे भाव दिसून येत होते. त्यानंतर तलाठी यांच्याकडून नुकसानीची पाहणी करण्यात येऊन पंचनामा करण्यात आला होता.”

व्याकरणाची चूक शोधू गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. शुद्धलेखनही चांगलं. असा निबंध परीक्षकाच्या हातून सहज सुटतो आणि बरे गुणही मिळवतो. म्हणूनच त्याच्यावर बसून काम करणं मला महत्त्वाचं वाटलं. मी समासात शेवटचे शब्द लिहिले. पहिलं वाक्य ‘नाही’वर संपतं. पुढची आठही वाक्यं होते, होतो, होती, होता यांपैकी कशावर तरी. मग शब्द मोजले. पहिलं वाक्य २१ शब्दांचं. उरलेली सगळी १० ते १४ शब्दांच्या आत. परिच्छेदात एकूण ११४ शब्द, आणि पहिलं सोडलं तर सगळी वाक्यं एका मापाची.

आता ‘पाल्हाळ टाळा’ किंवा ‘वाक्यरचनेत विविधता आणा’ असा शेरा मारून वही परत करता येते. असे शेरे मुलांना काहीच सांगत नाहीत. पाल्हाळ नेमका कुठला, टाळायचा म्हणजे कुठला शब्द खोडायचा, हे मुलाला कळलं असतं तर त्याने तो लिहिलाच नसता. त्यामुळे मी एकच परिच्छेद घेते आणि त्यावर तीन खुणा करते. जे उडवलं तरी काही हरवत नाही त्याच्याखाली सरळ रेघ. जिथे दोन-तीन शब्दांचं काम एक शब्द करेल तिथे कंस. आणि जिथे शब्द मोठा पण आत काही दिसत नाही तिथे नागमोडी रेघ. पहिल्या दोन खुणांचं काम मूल एकटं करू शकतं. नागमोडी रेघेसाठी शेजारी बसावं लागतं, कारण तिथे प्रश्न विचारायचा असतो.

पहिल्या वाक्याखाली मी सबंध सरळ रेघ मारली. मुलीला ते आवडलं नाही. “मॅडम, सुरुवात तर तीच चांगली आहे,” ती म्हणाली. मी तिला सांगितलं, हे वाक्य पुराच्या निबंधाला लावून बघ. लागतं. दुष्काळाच्या? लागतं. भूकंपाच्या, वणव्याच्या, साथीच्या रोगाच्या? सगळीकडे लागतं. जे वाक्य कुठल्याही निबंधाच्या डोक्यावर बसतं ते या निबंधाचं नाही. गाईडमध्ये अशी वाक्यं तयार मिळतात आणि मुलं ती पाठ करतात, कारण त्या वाक्यांमुळे कोऱ्या पानाची भीती जाते. ती भीती खरी असते, म्हणून मी मुलांना म्हणते, लिहायला सुरुवात करण्यासाठी हवं तर ते वाक्य लिहा, पण वही देण्याआधी खोडून टाका.

मग जोड्या. ‘मोठे व भयंकर’, ‘अतोनात व प्रचंड’, ‘दुःख व वेदना’. दोन शब्दांपैकी कुठलाही एक झाकला तर दुसऱ्यात काही कमी पडत नाही. शिवाय पहिल्या दोन जोड्यांच्या मागे येणारं ‘असे’ निव्वळ भरीचं. इथे एक काळजी मात्र घ्यावी लागते. शब्द दोनदा आला म्हणजे फुकट गेला, हा नियम मराठीला लावता येत नाही. तिने ‘काळे काळे ढग’ लिहिलं होतं आणि वर्गातल्या एका हुशार मुलाने त्यातला एक ‘काळे’ उडवायला सुचवलं. मी तो ठेवायला लावला. ‘काळे ढग’ म्हणजे रंग झाला. ‘काळे काळे ढग’ म्हटलं की एकामागून एक येणारे, दाटलेले ढग दिसतात. हळूहळू, घरोघरी, रडतरडत, झाडझुडूप, शेतीवाडी, यांत दुसरा शब्द काम करतो. ‘व’ने जोडलेल्या समानार्थी जोडीत तो नुसता उभा असतो. फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा शब्द काढून मोठ्याने वाचायचं. अर्थ किंवा चित्र पातळ झालं तर तो परत आणायचा.

कंसाच्या खुणा तिच्या तिला उमगल्या. ‘वाट पाहण्याचे काम करत होतो’ याचं ‘वाट पाहत होतो’ झालं. ‘दिसून येत होते’चं ‘दिसत होते’. ‘गावामध्ये, बागेमध्ये, घरामध्ये’ यांचं गावात, बागेत, घरात. या शेवटच्या बदलाने शब्दांची संख्या एकानेही कमी होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. शब्द मोजणं हे साधन म्हणून ठीक आहे, पण पाल्हाळ कधीकधी शब्दाच्या पोटात असतो आणि तो मोजणीत सापडत नाही. तो जिभेला सापडतो. म्हणून मी मुलांना परिच्छेद मोठ्याने वाचायला लावते आणि जिथे जीभ रेंगाळते तिथे टिंब द्यायला सांगते.

‘होते’चं प्रकरण जरा खोल आहे. ‘वादळ आले’ आणि ‘वादळ आले होते’ यांत काळाचा फरक आहे. दुसरं पूर्ण भूतकाळाचं रूप, आणि ते तेव्हा शोभतं जेव्हा एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या आधी घडून गेलेली असते. ‘आम्ही पोचलो तेव्हा झाडं पडली होती.’ इथे होती हवंच. पण मुलं जुनी गोष्ट सांगायची म्हणजे प्रत्येक क्रियापदाला ‘होते’ लावायचं असं धरून चालतात. मग सगळ्या घटना एकाच वेळी आधीच घडून गेलेल्या होतात. ढग आधी की वादळ आधी, वडील गेले कधी, आम्ही थांबलो कधी, काही उलगडत नाही. तिच्या परिच्छेदात घटनांचा क्रम महत्त्वाचा होता. ढग भरून आले, तरी वडील गेले, मग वारा सुटला. मी तिला सांगितलं, प्रत्येक ‘होते’वर बोट ठेव आणि विचार, हे कशाच्या आधी घडलं? उत्तर असेल तर राहू दे. नसेल तर काढ आणि नुसतं ‘आले’, ‘गेले’, ‘सुटला’ ठेव. अशा तपासणीत तिचे बहुतेक ‘होते’ गळले, आणि वाक्यांचे शेवट त्याबरोबर बदलत गेले. विविधता आण असं तिला मी एकदाही म्हटलं नव्हतं.

तलाठ्याच्या वाक्यावर आमचा थोडा वाद झाला. ‘पाहणी करण्यात येऊन पंचनामा करण्यात आला’ या वाक्यात माणूसच नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “मॅडम, कागदावर असंच लिहितात, मी पाहिलंय.” तिचं बरोबर होतं. पंचनाम्यात ती भाषा जागच्या जागी आहे. तिथे एखाद्या माणसाने नव्हे, एका कार्यालयाने केलेलं काम नोंदवायचं असतं, आणि उद्या बदली झाली तरी ती नोंद तशीच चालायला हवी असते. पण निबंध लिहिणारी मुलगी बांधावर उभी राहून पाहत होती. तिला माणूस दिसला होता. मी विचारलं, कधी आले ते? दोन दिवसांनी. काय केलं? बाग बघितली, लिहून घेतलं, गेले. मग तेच लिही. ‘करण्यात आले’ दिसलं की मी एवढंच विचारते, कोणी केलं? उत्तर माहीत असून लपलेलं असेल तर वाक्य उलटवायचं. ‘रस्ता १० वाजता बंद करण्यात आला’ अशा वाक्यात कोणी केला याला महत्त्व नसेल तर ते खुशाल राहू द्यावं.

उरली नागमोडी रेघ. ती ‘दुःख व वेदनेचे भाव’ याखाली होती. इथे काही कापून भागणार नव्हतं. ‘चेहऱ्यावर दुःख दिसत होते’ केलं तरी ते वाक्य कुठल्याही बापाचं राहतं. मी विचारलं, तू गेलीस तेव्हा वडील काय करत होते? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, बसले होते बांधावर. एक घड जवळ घेतला होता आणि त्याच्यावरचा चिखल पुसत होते. मी विचारलं, घड कापणीला आले होते? म्हणाली, पंधरा दिवस राहिले होते फक्त. हे सगळं तिच्याजवळ होतं. लिहिताना तिला वाटलं की निबंधात असं काही लिहायचं नसतं, निबंधात ‘भाव’ लिहायचे असतात.

दुसऱ्या आठवड्यात तिने परिच्छेद पुन्हा लिहून आणला.

“मागच्या मे महिन्यातल्या एका वादळाने आमची केळीची बाग आडवी केली. दुपारपासून काळे काळे ढग भरून येत होते, तरी वडील पाणी द्यायला बागेत गेले. वारा सुटला. आम्ही दार लावून घरात त्यांची वाट पाहत बसलो. वादळ थांबल्यावर धावत जाऊन पाहतो तर एकही झाड उभे नाही. पंधरा दिवसांत कापणीला येणारे घड चिखलात पडलेले. वडील बांधावर बसले होते; काही बोलत नव्हते, नुसता एका घडावरचा चिखल हाताने पुसत होते. दोन दिवसांनी तलाठी आले आणि पंचनामा करून गेले.”

११४ शब्दांचे ७२ झाले, आणि तरी आता त्यात कापणी आहे, चिखल आहे, वडिलांचा हात आहे. सगळ्यात छोटं वाक्य दोन शब्दांचं, सगळ्यात मोठं १४ शब्दांचं. ‘वारा सुटला’ हे दोन शब्द एकटे उभे राहू शकतात, कारण त्यांच्या आधीचं वाक्य लांब आहे. समासातली रांग बघा: केली, गेले, सुटला, बसलो, नाही, पडलेले, होते, गेले. ‘पडलेले’पुढे तिने होते लावलं नाही. क्रियापद अर्धवट सोडून दिलेलं ते वाक्य मला सगळ्यात आवडलं. बघणारा थबकला की बोलण्यात वाक्य असंच तुटतं. आणि ‘पाहतो तर’ हे बोलण्यातलं वळण तिने आपणहून आणलं. भूतकाळाच्या गोष्टीत मध्येच वर्तमानकाळ घुसवण्याची ही सोय मराठीत घरोघरी वापरतात, निबंधात मात्र कोणी धजावत नाही. वडिलांच्या वाक्यात मात्र ‘होते’ दोनदा आणि एक ‘नव्हते’ आलंय. मी त्याला हात लावला नाही. तिथे काही घडत नाही, तिथे एक माणूस बसून राहिला आहे, आणि तेच सांगायचं आहे.

कापण्याचा सल्ला अंगाशीही येतो. धुळ्याला असताना शिंदखेड्याकडून येणारा एक मुलगा होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, छोटी वाक्यं लिही, मोठ्या वाक्यात चुका होतात. त्याने ते अक्षरशः पाळलं. ‘मी स्टँडवर गेलो. गर्दी होती. बस उशिरा आली. मी चढलो. जागा नव्हती. मी उभा राहिलो. एक आजी होत्या. त्यांच्याजवळ गाठोडं होतं.’ पाल्हाळ नावालाही नाही. पण गोष्टी एकमेकींशी बोलत नव्हत्या. गर्दी बस उशिरा आल्यामुळे होती की आधीपासून? जागा नव्हती म्हणून उभा राहिला की आजींना जागा दिली म्हणून? हे सांगणारे शब्द, म्हणून, तरी, पण, तोवर, त्याने वाचवले होते. असा परिच्छेद तपासताना मी शब्द खोडत नाही, दोन वाक्यांच्या मधल्या टिंबावर गोल करते आणि विचारते, इथे काय नातं आहे? त्याला तोंडी सांगता येईना तेव्हा म्हटलं, घरी सांगशील तसं अहिराणीत सांग. लगेच सगळं सांधलं. बस उशिरा लागल्यामुळे गर्दी वाढत गेली होती, रेटारेटी करून चढला तर जागा नव्हती, आणि मागून चढलेल्या आजींचं गाठोडं त्याने पायाशी धरून ठेवलं होतं. ते त्याने प्रमाण मराठीत उतरवलं तेव्हा आठ वाक्यांची दोन झाली आणि कानाला सुखावली. घरच्या बोलीत ज्याची वाक्यं सैलसर पण सांधलेली असतात, त्याची वही उघडल्यावर ती का सुटी होतात, याचं उत्तर शाळेने त्याला लिहिताना जी भीती घातली त्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

लांब वाक्य म्हणजे पाल्हाळ नव्हे हे त्याच वर्गाला दाखवायला मी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचा आधार घेतला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे त्यांचे खंड आहेत, त्यातलं अठराव्या शतकातलं एक पत्र मी वर्गात वाचलं. मूळ मोडी लेखनात विरामचिन्हं नसत. एकेक वाक्य ‘-ऊन’ने पुढे ढकललेलं, अमुक करून, तमुक होऊन, तिथे जाऊन, आणि शेवटी एकदाच क्रियापद. मुलं हसली, मग शांत झाली, कारण एकही शब्द काढायला जागा नव्हती. प्रत्येक ‘-ऊन’मागे नवं काम होतं. त्यानंतर वर्गाला ‘-ऊन’ची गंमत कळली. दोन ‘होते’वाली वाक्यं जोडायची तर पहिल्याचं ‘-ऊन’ किंवा ‘-ताना’ किंवा ‘-ल्यावर’ करायचं, शेवटचं क्रियापद एकच ठेवायचं. पण तीनपेक्षा जास्त ‘-ऊन’ एका ओळीत आले की वाचणाऱ्याचा कर्ता सुटतो, कोण काय करून कुठे गेलं ते हरवतं. आणि पहिल्या कामाचा कर्ता वेगळा असेल तर ‘-ऊन’ चालत नाही. ‘बस थांबून मी उतरलो’ चुकतं, कारण थांबली बस आणि उतरलो मी. तिथे ‘बस थांबल्यावर मी उतरलो’ हवं. ही चूक मुलं वाक्यं जोडायला लागली की हटकून होते, त्यामुळे जोडायला शिकवण्याच्या दिवशीच ती सांगून टाकते.

जळगावच्या त्या मुलीचा पूर्ण निबंध तीन पानी होता. मी पहिल्या परिच्छेदाखेरीज कुठेही खूण केली नाही. उरलेल्यावर एवढंच लिहिलं: “समासात शेवटचे शब्द स्वतः लिही. सलग तीन सारखे आले तर मधलं वाक्य बदल. ‘करण्यात’ आलं की कोणी ते विचार. मोठा शब्द आला की तिथे तुला काय दिसलं ते आठव.” सगळी पानं मीच दुरुस्त केली असती तर निबंध सुधारला असता, तिचा हात नसता. पुढच्या पानांवर तिने काही बदल माझ्या कल्पनेपेक्षा चांगले केले आणि काही फसले. फसले ते क्रियापद पुढे आणण्याच्या हौसेत. ‘आला वारा’, ‘पडली झाडे’, ‘रडली आई’ अशी वाक्यं एकापाठोपाठ एक. वर्गातल्या इतर मुलांनीही ती लकब उचलली. मग मी एक जादा सूचना फळ्यावर लिहू लागले. क्रियापद आधी आणायचं ते ज्या गोष्टीची वाट पाहिली जात होती तिच्यासाठी, आणि परिच्छेदात एकदाच. वडील बागेतून परत आले त्या ठिकाणी तिने ‘आले एकदाचे वडील’ लिहिलं होतं. तेवढं एक राहू दिलं, बाकीची क्रियापदं तिने पुन्हा मागे नेली.